दुसऱ्यांचे व्हिडिओ संशोधनासाठी उतरवून घेताना: कायद्याच्या आणि प्लॅटफॉर्मच्या अटींच्या मर्यादा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत दाखल होणाऱ्या संशोधन प्रस्तावांत हल्ली एक वाक्य हमखास आढळते: ‘यूट्यूबवरील निवडक व्हिडिओ डाउनलोड करून त्यांचे विश्लेषण करण्यात येईल.’ मार्गदर्शक त्यावरून नजर फिरवतात, समिती सही करते आणि विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात या एका वाक्यात दोन स्वतंत्र परवानग्या गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या देणारे पक्षही वेगवेगळे असतात. व्हिडिओ ज्याचा आहे त्याचा कॉपीराइट हा एक प्रश्न. तो ज्या संगणकांवर ठेवलेला आहे त्या कंपनीशी आपण केलेला करार हा दुसरा. ‘संशोधनासाठी आहे, म्हणजे कायद्याने चालते’ हे उत्तर बरोबर असले तरी ते फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मुद्दे हवेत राहू नयेत म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नेरूळला राहणारी भाषाशास्त्राची एक संशोधक आगरी लग्नांत गायल्या जाणाऱ्या धवल्यांचा अभ्यास करते आहे. धवलारीण ही गाणी विधींच्या क्रमाने म्हणते. ती बहुतांशी मौखिक परंपरेने आलेली आहेत आणि गावागणिक त्यांच्यातले शब्द व उच्चार बदलतात. करावे, दिवाळे, घणसोली आणि ठाण्याच्या बाजूची काही गावे मिळून ११ चॅनेलांवरचे ६० व्हिडिओ तिने निवडले आहेत. तिला ओळींचा क्रम, उच्चार आणि मध्ये मिसळणारी प्रमाण मराठी टिपायची आहे, त्यामुळे तोच तुकडा वारंवार ऐकणे भाग आहे.

पहिली पायरी: फाइल खरोखर लागते का

हा प्रश्न आधी विचारला की निम्मी अडचण अनेकदा तिथेच सुटते. व्हिडिओत काय घडते, कोण बोलते, कोणता विधी कितव्या मिनिटाला येतो एवढेच नोंदवायचे असेल तर ब्राउझरमध्ये पाहून तक्त्यात नोंद करणे पुरेसे आहे. तक्त्यात व्हिडिओचा आयडी, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि आपली नोंद असे रकाने ठेवावेत. पत्त्याच्या शेवटी `&t=754s` असे जोडले की व्हिडिओ थेट १२ मिनिटे ३४ सेकंदांवर उघडतो, त्यामुळे मार्गदर्शकालाही नेमकी जागा दाखवता येते. अशा पाहण्यात कोणाचाही हक्क दुखावत नाही आणि कोणत्याही अटीचा भंग होत नाही, कारण व्हिडिओ पाहण्यासाठीच तो तिथे ठेवलेला आहे.

यूट्यूब प्रीमियम या सशुल्क सेवेतले डाउनलोडचे बटण या कामाला फारसे उपयोगी नाही. त्यातून व्हिडिओ अ‍ॅपच्या आतच साठवला जातो. ठाणे–वाशी लोकलमध्ये रेंज नसताना पाहायला ते ठीक आहे, पण ती फाइल बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येत नाही. ‘मी पैसे भरले आहेत, म्हणजे डाउनलोडचा हक्क मिळाला’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

आपल्या संशोधकाला मात्र काही व्हिडिओंची फाइल लागणारच आहे. ELAN सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीच्या लहरीवर ओळ न् ओळ बांधून लिप्यंतर करायचे असेल, किंवा स्वरांची लांबी मोजायची असेल, तर आपल्या संगणकावर फाइल असल्याशिवाय काम होत नाही. तिने ६० पैकी ४२ व्हिडिओ नुसते पाहून नोंदवायचे आणि १८ व्हिडिओंचेच सूक्ष्म विश्लेषण करायचे ठरवले. हे विभाजन आणि त्यामागचे कारण प्रस्तावात लिहून ठेवावे. पुढे कोणी विचारले, तर गरजेपुरतेच घेतले हे दाखवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच असतो.

दुसरी पायरी: व्हिडिओंची माहिती अधिकृत मार्गाने घेणे

शीर्षक, तारीख, कालावधी, पाहणाऱ्यांची संख्या ही माहिती पानावरून स्क्रिप्टने खरवडून घेऊ नये. त्यासाठी YouTube Data API v3 हा प्रोग्रामने माहिती मागण्याचा यूट्यूबचा अधिकृत मार्ग उपलब्ध आहे आणि लहान संशोधनाला त्याचा मोफत कोटा पुरतो. नव्या प्रकल्पाला दिवसाला १०,००० युनिट मिळतात. शोधाची एक विनंती १०० युनिट खाते, तर आयडी माहीत असलेल्या व्हिडिओंचा तपशील मागणारी विनंती केवळ १ युनिट घेते आणि एका वेळी ५० आयडी स्वीकारते. म्हणजे आपल्या ६० व्हिडिओंचा सगळा तपशील २ युनिटांत येतो. म्हणून शोध कमी वेळा करावा आणि सापडलेले आयडी जपून ठेवावेत.

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/videos
    ?part=snippet,contentDetails,statistics,status
    &id=VIDEO_ID_1,VIDEO_ID_2
    &key=API_KEY
```

उत्तरात `status` खाली `license` असा रकाना येतो. त्यात `youtube` असेल तर व्हिडिओ नेहमीच्या परवान्यावर आहे. `creativeCommon` असेल तर चॅनेलवाल्याने श्रेय देऊन पुनर्वापर करण्याची मुभा दिली आहे. मात्र ती मुभा चॅनेलवाल्याची आहे, यूट्यूबची नाही. फाइल कोणत्या मार्गाने मिळवायची याच्या अटी तशाच राहतात.

या मार्गाला दोन मर्यादा आहेत. एपीआयच्या धोरणानुसार ध्वनिचित्राची प्रत यातून उतरवता किंवा साठवता येत नाही, आणि मिळवलेली आकडेवारी साधारणपणे ३० दिवसांत ताजी करावी किंवा पुसावी लागते. तक्त्यात `last_checked` असा रकाना ठेवला की हे सांभाळता येते. विनंती पुन्हा पाठवल्यावर एखादा आयडी उत्तरातच आला नाही, तर तो व्हिडिओ काढून टाकलेला किंवा खासगी केलेला असतो, आणि मग त्याचा तपशील आपल्याकडूनही जायला हवा. सबटायटलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्यांची फाइल उतरवण्याची जी अधिकृत विनंती आहे, ती त्या व्हिडिओत बदल करण्याचा अधिकार असलेल्यालाच चालते. दुसऱ्याच्या व्हिडिओचे सबटायटल एपीआयमधून घाऊक मिळतील असे गृहीत धरून वेळापत्रक आखू नये.

तिसरी पायरी: मालक कोण, हे शोधणे

इथे बहुतेकांची गफलत होते, आणि लग्नाच्या व्हिडिओंत तर विशेषच. चॅनेल ज्याचे, व्हिडिओ त्याचा, असे आपण धरून चालतो. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७(ब) नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत तयार केली असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक ती करवून घेणारा असतो. म्हणजे घणसोलीतल्या एखाद्या कुटुंबाने पैसे देऊन लग्नाचे चित्रीकरण करवून घेतले आणि व्हिडिओवाल्याने ते स्वतःच्या चॅनेलवर टाकले, तर दोघांत वेगळे काही ठरलेले नसल्यास कॉपीराइट त्या कुटुंबाचा असतो. अशा वेळी चॅनेलवाल्याने दिलेली परवानगी अपुरी पडते. ‘हे शूटिंग तुम्ही स्वतःहून केले होते की कोणाच्या ऑर्डरवर?’ हा प्रश्न पहिल्याच संभाषणात विचारावा. उत्तर ‘ऑर्डरवर’ असे आले, तर व्हिडिओवाल्यालाच विनंती करावी की त्या कुटुंबाचा होकार मिळवून द्यावा. अनोळखी संशोधकाच्या फोनपेक्षा त्यांच्या ओळखीच्या माणसाचा शब्द लवकर लागतो.

दुसरा हक्क धवलारणीचा. गाणे परंपरेचे असले आणि त्याला कोणी ज्ञात कवी नसला, तरी गाणारी स्त्री कायद्याच्या भाषेत कलावंत आहे. कलम ३८ प्रमाणे तिला सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळतो आणि तो ५० वर्षे टिकतो. संशोधकाच्या सुदैवाने कलम ३९ मध्ये या हक्काला एक स्पष्ट अपवाद आहे: खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रण हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. तरीही तिला विचारणे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या आवाजावर कोणी प्रबंध लिहिते आहे हे तिला व्हॉट्सअ‍ॅपवरून तिसऱ्याच माणसाकडून कळणे चांगले नव्हे, आणि शब्दांचे अर्थ नीट सांगू शकणारीही शेवटी तीच असते.

तिसरा थर पार्श्वभूमीला वाजणाऱ्या डीजेच्या गाण्यांचा. त्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. आपले संशोधन त्या गाण्यांवर नसेल तर ते भाग तुकड्यांतून वगळावेत.

चौथी पायरी: मूळ फाइल मालकाकडून मागणे

सोसायटीतल्या फ्लॅटमालकाने ‘या, कपाट घेऊन जा’ असे म्हटले, तरी गेटवरचे नियम सोसायटीचे असतात. पण मालकाने गोदामातली वस्तू आपल्या घरी आणून दिली, तर सोसायटीचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हिडिओचेही तसेच आहे. मालकाने आपल्या फोनमधली किंवा हार्ड डिस्कवरची मूळ फाइल पाठवली, तर कॉपीराइटची परवानगी मिळते आणि प्लॅटफॉर्मच्या अटींना हात लागत नाही. शिवाय मूळ फाइलचा आवाज यूट्यूबने दाबून बारीक केलेल्या आवाजापेक्षा स्वच्छ असतो, आणि स्वर मोजणाऱ्याला त्याचा फरक लगेच जाणवतो.

‘आमच्याकडे आता फाइल राहिली नाही’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. अशा वेळी चॅनेलवाल्याला सांगावे की YouTube Studio मध्ये स्वतःच्या व्हिडिओसमोर डाउनलोडची सोय असते, आणि Google Takeout मधून चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ एकत्र मागवता येतात. स्वतःचा व्हिडिओ अशा रीतीने उतरवणे ही प्लॅटफॉर्मनेच दिलेली सोय आहे.

परवानगी लेखी हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना मालकाने लेखी द्यावा लागतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४ मुळे इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी मानला जातो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचे उत्तरही उपयोगी पडते, मात्र संपूर्ण संभाषण निर्यात करून तारखेसह जपावे. नुसता अंगठ्याचा इमोजी पुरेसा समजू नये. आणखी एक बारकावा फारसा कोणी पाळत नाही. परवान्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ आणि ३०अ मिळून ती ५ वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र लिहिले नाही तर ते भारतापुरते मानले जाते. पीएचडी सहज ५ वर्षांपलीकडे जाते आणि निबंध परदेशातल्या परिषदेत वाचला जातो, म्हणून दोन्ही गोष्टी शब्दांत लिहाव्यात. संशोधकाने पाठवायचा मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार दादा. मी आगरी धवल्यांच्या भाषेवर पीएचडी करते आहे. तुमच्या चॅनेलवरच्या (व्हिडिओचे नाव व लिंक) या व्हिडिओची मूळ फाइल मला अभ्यासासाठी हवी आहे. मी ती माझ्या संगणकावर कुलूपबंद ठेवीन, मी आणि माझे मार्गदर्शक यांच्याशिवाय कोणी पाहणार नाही, आणि कुठेही अपलोड करणार नाही. प्रबंधात आणि निबंधांत जास्तीत जास्त ३० सेकंदांचे तुकडे किंवा काही ओळी तुमच्या चॅनेलच्या नावासह वापरीन. ही परवानगी १० वर्षांसाठी आणि भारतासह सर्व देशांसाठी आहे असे मी धरते. हे शूटिंग तुम्ही स्वतः केले होते की कोणाच्या ऑर्डरवर? परवानगी असल्यास “मी व्हिडिओचा मालक असून वरील वापराला परवानगी देतो” असे नावासह लिहून पाठवावे. पुढे कधी नको वाटले तर कळवा, मी फाइल काढून टाकीन.’

शेवटचे वाक्य कायद्याने बंधनकारक नाही, पण ते असावे. लग्न हा खासगी प्रसंग आहे. आज हौसेने टाकलेला व्हिडिओ उद्या त्या घराला नकोसा होऊ शकतो.

आपल्या उदाहरणात १८ पैकी १३ व्हिडिओ याच मार्गाने मिळाले असे धरू. दोन ठिकाणी स्पष्ट नकार आला आणि तीन चॅनेलांकडून उत्तरच आले नाही. नकार आलेले दोन व्हिडिओ सूक्ष्म विश्लेषणातून काढून टाकावेत. मालकाने नाही म्हटल्यावर कायद्यातल्या ‘रास्त वापर’ या अपवादाचा आधार घेऊन तीच फाइल मिळवणे कायद्याने कदाचित टिकेल, पण त्या गावात पुन्हा कामाला जाता येणार नाही.

पाचवी पायरी: उत्तर न आलेल्या तीन व्हिडिओंचे काय

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(अ) प्रमाणे संशोधनासह खासगी किंवा व्यक्तिगत वापरासाठी, तसेच समीक्षेसाठी केलेला रास्त वापर हा कॉपीराइटचा भंग नसतो. २०१२ पूर्वी हा अपवाद चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांना लागू नव्हता; त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना लागू केला आणि त्या हेतूसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणेही भंग ठरत नाही असे स्पष्टीकरण जोडले. म्हणून कॉपीराइटपुरते पाहिले तर एकट्या संशोधकाने तीन व्हिडिओंची प्रत अभ्यासासाठी ठेवणे समर्थनीय आहे.

या अपवादाच्या कडा मात्र ओळखून घ्याव्यात. वापर रास्त आहे की नाही हे ठरवताना न्यायालये किती आणि किती महत्त्वाचा भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होते का, हे पाहतात. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या प्रकरणात हे निकष मांडले होते. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रकरणात सांगितले की पुस्तक वाचणारे ते अभ्यासाला वापरत असले, तरी धंदा म्हणून ते छापणाऱ्या प्रकाशकाला संशोधनाचा अपवाद मिळत नाही. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीने आपले उत्पादन घडवण्यासाठी हजारो व्हिडिओ उतरवले आणि त्या विभागाला ‘रिसर्च’ असे नाव दिले, तर त्या नावामुळे अपवाद लागू होत नाही. महाविद्यालयाच्या सामायिक सर्व्हरवर सगळ्यांसाठी ठेवलेला साठाही ‘खासगी किंवा व्यक्तिगत’ या शब्दांत सहजी बसत नाही.

परदेशी मार्गदर्शिका वाचताना विशेष सावध असावे. ब्रिटनच्या कायद्यात कलम २९अ नुसार अव्यावसायिक संशोधनासाठी संगणकीय विश्लेषणाची प्रत करता येते, आणि ती मुभा करारातील अटीने काढून घेता येत नाही. जपान, सिंगापूर आणि युरोपीय संघातही संगणकीय विश्लेषणासाठी खास अपवाद आहेत. भारताच्या कायद्यात असा स्वतंत्र अपवाद नाही, आणि रास्त वापरावर मात करणारी कराराची अट रद्दबातल ठरते असे सांगणारे कलमही नाही.

म्हणूनच आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न, म्हणजे कंपनीशी केलेल्या कराराचा, समोर येतो. यूट्यूबच्या अटी सेवेने स्वतः दिलेली सोय किंवा लेखी परवानगी यांशिवाय आशय डाउनलोड करण्यास, स्वयंचलित साधनांनी सेवा वापरण्यास आणि व्यक्ती ओळखू येईल अशी माहिती, अगदी चेहरेसुद्धा, गोळा करण्यास मनाई करतात. युरोपासाठीच्या आवृत्तीत डाउनलोडच्या अटीला ‘लागू कायद्याने परवानगी असेल तर’ अशी पुस्ती आहे. देशागणिक मजकूर बदलत असल्यामुळे जर्मनीतल्या संशोधकाचे उदाहरण बेलापुरात लागू पडेलच असे नाही. भारतात दिसणारा मजकूर उघडून, तारखेसह पीडीएफ करून, प्रस्तावाला जोडावा. प्रत करण्याला अटकाव करणारी तांत्रिक सोय चुकवू नये अशीही एक वेगळी अट त्यात असते, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष क्वचितच जाते.

करारभंगाचा नेहमीचा परिणाम म्हणजे खाते बंद होणे. त्याहून गंभीर बाजू माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ ची आहे. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यातून माहिती डाउनलोड किंवा कॉपी केल्यास भरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण ती हक्काचा भंग करण्याच्या हेतूने ते तोडणाऱ्याला. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी केलेली कृती त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे अभ्यासकाला ६५अ ची भीती तुलनेने कमी असते आणि ४३ ची अधिक, कारण ४३ मध्ये संशोधनाचा अपवादच नाही.

मग त्या तीन व्हिडिओंबद्दल माझा सल्ला काय? शक्य असेल तर ते ब्राउझरमध्ये पाहूनच लिप्यंतरित करावेत आणि सूक्ष्म मोजमाप मिळालेल्या १३ फाइलींवर करावे. प्रबंधात नमुना १८ वरून १३ वर का आला हे दोन ओळींत लिहिणे अगदी स्वीकारार्ह आहे. एखादा व्हिडिओ इतका मोलाचा असेल की त्याच्याशिवाय प्रकरण उभे राहत नाही, तर संस्थेच्या समितीसमोर तो नावानिशी मांडावा, कॉपीराइटचा आधार आणि अटींतला धोका दोन्ही लिहून द्यावेत, आणि निर्णय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. हा धोका एकट्या विद्यार्थ्याने गुपचूप अंगावर घेऊ नये. समितीचा होकार मिळाला म्हणून प्लॅटफॉर्मची परवानगी मिळाली असे होत नाही, पण हेतू उघड आणि प्रामाणिक होता हे त्यातून दिसते.

एक खूण मात्र निर्णायक समजावी. स्क्रीनवर `Sign in to confirm you’re not a bot` असा संदेश आला, किंवा प्रोग्रामला `429`, म्हणजे ‘विनंत्या फार झाल्या’, असे उत्तर मिळू लागले, की तिथेच थांबावे. लॉगिनच्या कुकी प्रोग्रामला देऊन, आयपी पत्ते बदलून किंवा प्रॉक्सी लावून पुढे जाणे म्हणजे समोरच्याने ‘नको’ म्हटल्यावरही आत शिरणे होय. त्यानंतर ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणायला जागा राहत नाही. महाविद्यालयाच्या जाळ्यावरून असे केल्यास पूर्ण परिसराचा पत्ता अडवला जाऊ शकतो आणि त्याचा जाब पहिल्यांदा संगणक विभागाला द्यावा लागतो.

सहावी पायरी: चौकटीत दिसणारी इतर माणसे

लग्नाच्या व्हिडिओत वरातीतले पाहुणे, शेजारी आणि लहान मुले दिसतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ हा त्या व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही. पण व्हिडिओ चॅनेलवाल्याने सार्वजनिक केला आहे, मागे उभ्या असलेल्या पाहुण्याने नाही; त्यामुळे ‘सगळे सार्वजनिकच आहे’ हा युक्तिवाद पाहुण्यापाशी अडतो. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधनासाठी सूट आहे, आणि तिला दोन अटी आहेत: त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये, आणि विहित मानके पाळली जावीत. ही मानके नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार असल्या, तरी आज सुरू होणारी पीएचडी त्या तारखेच्या पलीकडे जाणार हे उघड आहे, म्हणून आतापासूनच त्या मानकांना धरून आखणी करावी.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. भाषेच्या अभ्यासाला चेहरे लागत नाहीत, म्हणून मिळालेल्या फाइलमधून आवाज वेगळा काढावा, काम त्याच्यावर करावे आणि चित्राची फाइल बाजूला ठेवून द्यावी. चेहरे ओळखणारे कोणतेही सॉफ्टवेअर या साठ्यावर चालवू नये. सादरीकरणात चित्र दाखवायचे असेल तर पाहुण्यांचे चेहरे धूसर करावेत, आणि १८ वर्षांखालील मुले स्पष्ट दिसणारा तुकडा निवडूच नये.

सातवी पायरी: साठवण, प्रकाशन आणि हरकत

फाइली सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्कवर ठेवाव्यात. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडणारे ड्राइव्हवरचे फोल्डर वापरू नये, कारण तसे करताच खासगी वापर संपून वितरण सुरू होते. प्रत्येक फाइलसमोर ती कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या परवानगीने आली आणि कधी पुसायची हे लिहावे. तुकडे कापताना फाइलमधली चॅनेलच्या नावाची खूण पुसू नये. हक्कांविषयीची माहिती काढून टाकणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा ठरू शकतो.

इतर अभ्यासकांना विदा द्यायची वेळ आली की व्हिडिओ देऊ नयेत. व्हिडिओंचे आयडी, वेळा आणि आपली निरीक्षणे द्यावीत. संपूर्ण गाण्याचे लिप्यंतर जोडायचे असल्यास धवलारणीची संमती वेगळी घ्यावी आणि तिची इच्छा असेल तर तिचे नाव छापावे. परिषदेचे भाषण पुढे यूट्यूबवर चढवले जाणार असेल, तर डीजेचे गाणे असलेला एखादा तुकडाही Content ID या यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतल्या दाव्याला कारण ठरू शकतो. म्हणून आयोजकांना आधीच सांगून तो भाग रेकॉर्डिंगमधून वगळवून घ्यावा.

हरकतीचा फोन किंवा नोटीस आली, तर प्रथम त्या फाइलीवरचे काम थांबवावे, पण ती लगेच पुसू नये, कारण आपण किती आणि काय घेतले होते याचा पुरावाही तीच असते. त्याच दिवशी मार्गदर्शकाला आणि समितीला लेखी कळवावे. समोरची व्यक्ती घरातली माणसे दिसतात म्हणून दुखावली आहे, की स्वतःला मालक म्हणवते आहे, हे शांतपणे विचारून घ्यावे. पहिल्या प्रकारात तुकडा काढून टाकल्याने बहुधा प्रश्न मिटतो, दुसऱ्या प्रकारात कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालक कोण याचे उत्तर आणि जपलेले संभाषण वकिलाला दाखवावे लागते. कॉपीराइटचा दावा हरकतदार स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दाखल करता येतो. चॅनेलवाला अलिबागला राहत असेल तर संशोधकाला तारखांसाठी नेरूळहून तिथे जावे लागेल, म्हणून पहिल्या नोटिशीला महाविद्यालयाच्या पत्रावर, संस्थेच्या सहीने उत्तर जाईल अशी व्यवस्था प्रस्तावाच्या वेळीच करून ठेवावी.